सरावाची वेळ बदलली की पोरं जुन्याच वेळेला येतात: पालकांच्या नोटिशीत नक्की काय अडतं

कोल्हापुरात एका मैदानावर आम्ही पोरांना फुटबॉल शिकवतो. तीन गट आहेत, नऊ वर्षांखालचा छोटा, बारा वर्षांखालचा मधला आणि पंधरा वर्षांखालचा मोठा. वर्षातनं किमान तीनदा सरावाची वेळ बदलावी लागते, जूनमध्ये पाऊस लागला की, नोव्हेंबरात अंधार लवकर पडायला लागला की, आणि मार्चमध्ये ऊन आणि परीक्षा एकदम आल्या की. आणि दर वेळी एकच प्रकार, व्हॉट्सॲप ग्रुपवर नोटीस टाकायची, खाली पन्नास अंगठे यायचे, आणि बदलाच्या पहिल्या दिवशी निम्मी पोरं भलत्याच वेळेला गेटवर. मग दुसरी नोटीस जरा चढ्या आवाजात टाकायची, मग दोन पालक चिडायचे, मग आठवडा त्यातच जायचा. हेच तुमच्याकडं होत असेल तर पुढचं वाचा, मी दोन हिवाळे लागोपाठ यावर बसलोय आणि आता बरंच आटोक्यात आलंय.

सुरुवातीला मला वाटायचं की पालक वाचतच नाहीत. ते खरं नव्हतं, किंवा अर्धंच खरं होतं.

११ नोव्हेंबर २०२४, सोमवार. मधल्या गटाची जुनी वेळ होती साडेपाच ते सात, ती आम्ही साडेचार ते सहा केली होती. शनिवारी रात्री ही नोटीस गेली होती, लेटरहेडवर टाईप करून, फोटो काढून:

> सर्व पालकांना सूचित करण्यात येते की, हिवाळा सुरू झाल्याने व मैदानाच्या उपलब्धतेअभावी फुटबॉल प्रशिक्षणाच्या वेळेत बदल करण्यात आलेला आहे. सोमवारपासून सराव एक तास पुढे घेण्यात येईल. लहान गटाचा सराव शक्यतो शनिवार-रविवार सकाळी होईल. सर्वांनी वेळेत उपस्थित राहावे. उशिरा येणाऱ्यास मैदानात प्रवेश दिला जाणार नाही.

मधल्या गटात तेव्हा चोवीस पोरं. साडेचारला आली सात. जुन्या वेळेला, म्हणजे साडेपाचला, आली नऊ. पाच पोरं साडेसहाला आली आणि तिघं आलीच नाहीत. साडेसहाला आलेल्यातला एक जण नऊ-दहा वर्षांचा, आजोबा गाडीवरनं सोडून निघून गेलेले, आमचा सराव सहालाच सुटलेला, मैदानावर मोठी पोरं सीनियर टीमची, अंधार पडलेला, आणि हे पोरगं बॅग घेऊन गेटपाशी उभं. सीनियरच्याच एका पोरानं मला फोन केला म्हणून कळलं. नोटिशीची भाषा ही कागदावरची गोष्ट नाही हे मला त्या दिवशी उमगलं, त्यातला एक शब्द चुकला की पोर रस्त्यावर उभं राहतं.

त्या आठवड्यात मी एकच काम केलं. चुकीच्या वेळेला आलेल्या चौदाच्या चौदा घरी फोन लावला आणि दोनच गोष्टी विचारल्या, नोटीस तुमच्यापर्यंत कशी पोचली, आणि ती वाचून तुम्हाला काय वाटलं. रागावायचं नाही, समजवायचं नाही, नुसतं विचारायचं. तुम्हालाही पहिलं काम हेच सांगेन, कारण लांबनं सगळ्या चुका सारख्या दिसतात आणि प्रत्यक्षात त्या तीन वेगळ्या चुका असतात. नोटीस पोचलीच नाही ही एक, पोचली पण अर्थ वेगळा लागला ही दुसरी, आणि कळलं सगळं पण जमण्यासारखं नव्हतं ही तिसरी. आमच्या चौदात पहिल्या प्रकारचे चार निघाले, दुसऱ्याचे सात आणि तिसऱ्याचे तीन. म्हणजे निम्म्यांनी नोटीस नीट वाचलेली होती आणि वाचूनच चुकले होते! त्यांना मोठ्या आवाजात तीच नोटीस परत पाठवून काय होणार होतं?

त्या सातांचं आधी सांगतो कारण खरी गोम तिथंच आहे.

साडेसहाला आलेल्या पाचही घरांनी "एक तास पुढे" म्हणजे साडेपाचच्या पुढे साडेसहा असंच धरलं होतं. आणि त्यांची काही चूक नाही ओ. आपण घड्याळ पुढं करतो म्हणतो, मीटिंग पुढं ढकलली म्हणतो, म्हणजे उशिरा. आणि त्याच तोंडानं "लग्नाची तारीख पुढं घेतली" म्हणतो तेव्हा कुणी अलीकडं आणली असं समजतं कुणी लांबवली असं. आमच्या कमिटीतच पाच जणांना विचारलं तर तिघं एक सांगत होते, दोघं दुसरं. तेव्हापासनं आमच्या नोटिशीत "पुढे" आणि "मागे" हे शब्द बंद. किती बदललं हे सांगायचंच नाही, आता किती वाजता आहे तेवढंच सांगायचं, सुरू किती वाजता आणि सुटणार किती वाजता. पालकाला वजाबाकी करायला लावली की कुणीतरी बेरीज करणारच.

असे अजून काही शब्द आहेत जे बोलताना चालतात, नोटिशीत चालत नाहीत. "परवा" तर सरळ दोन्हीकडं लागतो, परवाचा सराव म्हणजे झालेला की होणारा. "येत्या रविवारी" आणि "पुढच्या रविवारी" यात गुरुवारी वाचणाऱ्याचा हमखास गोंधळ होतो. "उद्यापासून" सगळ्यात वाईट, कारण नोटीस त्याच दिवशी वाचली जाईल याची खात्री नाही, आई ती दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षावाल्या काकांना फॉरवर्ड करते आणि काकांचा "उद्या" एक दिवस लांब जातो. म्हणून वार आणि तारीख दोन्ही लिहायचे, सोमवार १७ नोव्हेंबर असं, एकात चूक झाली तर दुसऱ्यावरनं पकडता येते. वेळ आकड्यात आणि शब्दात दोन्हीकडं, पावणेपाच (४:४५). हे जरा जास्तीचं वाटतं पण काही घरात आजी-आजोबा पावणेपाचवर चालतात आणि काही आई-वडील ४:४५ वर. शिवाय फोटो अंधुक असला की देवनागरीतला १ आणि ९ हुबेहूब दिसतो, शब्द असला तर निभावतं.

उरलेल्या दोघांचं चुकलं ते "लहान गट" या शब्दावर. त्यांचं पोरगं अकरा वर्षांचं, घरात लहानच आहे ना ते, मग नोटीस आपली नव्हे सोमवारची, असं म्हणून त्यांनी सोमवार नेहमीसारखा धरला आणि शनिवारची वाट बघत बसले. आता आम्ही गटाचं नाव वयासकट लिहितो, आणि मुख्य म्हणजे तीन गटांची एक नोटीस काढत नाही. तीन गट, तीन नोटिसा, प्रत्येक ज्याच्या त्याच्या ग्रुपवर. ज्या गटाचं काही बदललं नाही त्यांनाही एक ओळ जाते, "मोठ्या गटाची वेळ बदललेली नाही, मंगळवार-गुरुवार सकाळी सात ते साडेआठच." ही ओळ नाही टाकली तर मोठ्या गटाचे निम्मे पालक मधल्या गटाच्या पालकांकडनं ऐकून विचारत बसतात, सर आमचं पण बदललं का.

"शक्यतो" या शब्दाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय. हा शब्द आपण नरम वाटावं म्हणून घालतो. आमच्या नोटिशीत लहान गटाचा सराव "शक्यतो" सकाळी असं होतं, मला म्हणायचं होतं की पाऊस-बिऊस आला तर बघू. पालकांनी वाचलं की जमलं तर सकाळी या, नाहीतर नेहमीच्या वेळेला या. ठरलेल्या गोष्टीवर नरमाईचा शब्द घातला की ती नुसती सुचवणी होते, बातमी राहत नाही. नरमाई वेळेत दाखवायची नसते, ती दुसरीकडं दाखवायची, ते पुढं सांगतो. तसंच उलटं, ठरलं असेल तर "पावणेपाच चालेल का?" असं विचारायचं नाही. विचारलं की बारा जणं बारा वेळा सांगणार, आणि शेवटी तुम्ही तुमचीच वेळ ठेवली की त्यांना वाटणार विचारलं कशाला होतं. विचारायचं असेल तर पंधरा दिवस आधी विचारा, पोल टाका, दोनच पर्याय द्या, पोल कधी बंद होणार ते सांगा, आणि निकाल लागला की नोटीस वेगळी काढा.

आता तिसऱ्या प्रकारचे तीन, ज्यांना कळलं होतं पण जमणारं नव्हतं. त्यांची शाळा अकरा ते पाच. शाळा सुटणार पाचला आणि सराव साडेचारला, मग ते येणार कसे? ते आपले साडेपाचला आले, जसे रोज यायचे. आणि आमच्या नोटिशीत वर लिहिलेलं, उशिरा येणाऱ्याला आत घेणार नाही! एक आई मला फोनवर म्हणाली, "सर, तुम्ही वेळ बदलली, शाळेनं नाही बदलली, मग पोराला शिक्षा कसली?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. लहान गटाचं तर अजून अवघड, शनिवारी सकाळी बऱ्याच शाळा असतात हे नोटीस लिहिताना डोक्यातच आलं नाही, आणि २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असा शासनाचा आदेश आल्यापासनं कितीतरी छोट्या पोरांची शाळा सुटायची वेळ सरकली, आमच्याकडं असलेली वेळांची वही जुनीच. म्हणजे काही तक्रारींवर नोटिशीच्या भाषेचा उपाय चालतच नाही, वेळच चुकीची असते. भाषा गोड करायच्या आधी कुणाची शाळा कितीला सुटते याची यादी काढा. आमच्याकडं सहा शाळांची पोरं आहेत, एका वहीच्या पानावर मावतं ते.

अंधाराचं गणितही नीट घ्या, उगाच अर्धा तास कापू नका. कोल्हापुरात जूनच्या शेवटी सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या आसपास. म्हणजे सहाला सुटणारा सराव बसतो, सव्वासहाला सुटणारा नाही, कारण शेवटची दहा मिनिटं गोलकीपरला बॉल दिसत नाही आणि पोरं अंधारात घरी जातात. फेब्रुवारीच्या शेवटी मावळती परत साडेसहाच्या पुढं जाते, तेव्हा वेळ परत वाढवता येते. हे पालकांना सांगितलं तर कुणी भांडत नाही, कारण सहाचा अंधार सगळ्यांना आपापल्या खिडकीतनं दिसतो.

इथंच कारणाचा मुद्दा येतो. आमच्या जुन्या नोटिशीत दोन कारणं होती, हिवाळा आणि "मैदानाच्या उपलब्धतेअभावी". दोन्ही खरी होती. हिवाळ्यात केएसएचा, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा, सीनियर हंगाम जोरात असतो, तालमींच्या टीम संध्याकाळी मैदान मागतात, आणि कोल्हापुरात ते कुणाला समजावून सांगायला लागत नाही, आमचे निम्मे पालक स्वतः शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या टीमसाठी ओरडायला जातात. पण "उपलब्धतेअभावी" या सरकारी शब्दानं वेगळीच हवा झाली, मैदान गेलं म्हणे, सराव बंद होणार म्हणे, फी परत मिळणार का. दोन दिवस मला तेच फोन. कारण एकच द्या, साध्या शब्दात, आणि असं की पालकाला ते स्वतः ताडून बघता येईल. दुसरं कारण असेल तर तेही लपवू नका पण सरळ सांगा, "सहानंतर मैदानावर सीनियर टीमचा सराव असतो" एवढं पुरतं.

सुराबद्दल मला एवढंच कळलंय की चूक दोन टोकांना होते. एक टोक म्हणजे "सूचित करण्यात येते", "बदल करण्यात आलेला आहे", "नोंद घ्यावी". यात कुणी केलं, कुणाला विचारायचं, काहीच कळत नाही, माणूसच नाही त्यात. पालक रोज ज्याला सर म्हणून हाक मारतात, ज्याच्या हातात पोर देतात, तो अचानक तहसीलदारासारखा बोलायला लागला की त्यांनाही वाटतं काहीतरी बिनसलंय. दुसरं टोक म्हणजे फार माफी. "आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत, आम्हाला समजून घ्यावे ही नम्र विनंती", हे मी एकदा मार्चमध्ये करून बघितलं. परिणाम असा झाला की प्रत्येकाला वाटलं अजून बोलणी चालू आहेत. चार दिवस मी वेळेवरनं घासाघीस करत होतो आणि शेवटी वेळ तीच राहिली, नुसती चारचौघांची नाराजी वाढली. तुम्ही गेटवर उभं राहून एखाद्या वडिलांना जसं सांगाल, "दादा, सतरा तारखेपासनं पावणेपाचला आणा हं, सहाला सोडणार", त्यात माफी नसते, हुकूमही नसतो. तो सूर लिहिण्यात आणायचा. "आम्ही" लिहा, "तुम्ही" लिहा, "आपणांस" नको. आणि धमकी असेल तर ती या नोटिशीत नकोच, उशिरा येण्याचा प्रश्न वेगळा आहे, त्यावर वेगळ्या दिवशी बोला. वेळ तुम्ही बदलताय, त्याच कागदावर शिस्तीचा दम दिला की त्रास देणाराच दम देतोय असं दिसतं.

मग नरमाई कुठं दाखवायची? ज्याला जमत नाही त्याच्यासाठीच्या ओळीत. तिथं हात सैल सोडा, स्पष्ट सांगा की शाळा पाचला सुटणाऱ्यांनी सव्वापाचला आलं तरी चालेल. वेळ ठाम आणि अडचणीला जागा, एवढा सूर साधला की पुरे.

२०२५ च्या नोव्हेंबरात मधल्या गटाला गेलेली नोटीस अशी होती. शनिवार ८ नोव्हेंबरला संध्याकाळी गेली, म्हणजे बदलाच्या नऊ दिवस आधी, मेसेज म्हणूनच, फोटो नाही:

> *मधला गट (१२ वर्षांखालील): सोमवार १७ नोव्हेंबरपासून सराव पावणेपाच ते सहा (४:४५ ते ६:००)*
>
> वार तेच, सोमवार, बुधवार, शुक्रवार. मैदान तेच.
> शुक्रवार १४ नोव्हेंबरपर्यंत जुनीच वेळ, साडेपाच ते सात.
>
> सहानंतर अंधार पडतो, पोरांना बॉल दिसत नाही, म्हणून ही वेळ. सहानंतर मैदानावर सीनियर टीमचा सरावही असतो.
>
> ज्यांची शाळा पाचला सुटते त्यांनी सव्वापाचपर्यंत आलं तरी चालेल. त्यांचा वॉर्म-अप आम्ही वेगळा घेऊ.
>
> साडेचारच्या आधी मैदानावर आमच्यापैकी कुणी नसतं, त्याआधी पोरांना सोडू नका. न्यायला सहाला या, सव्वासहापर्यंत आम्ही गेटवर थांबू.
>
> रोजचा सराव पंधरा मिनिटांनी कमी होतोय. त्याच्या बदल्यात महिन्यातल्या दोन रविवारी दीड-दीड तासाची मॅच घेऊ. फी तीच आहे.
>
> ही वेळ शुक्रवार २७ फेब्रुवारीपर्यंत. पुढची वेळ २० फेब्रुवारीच्या आत कळवू.
>
> यातलं काही जमत नसेल तर मला रात्री आठ ते नऊ फोन करा. वाचल्यावर पोराचं नाव मला एकट्याला पाठवा.

हे असं का, ते थोडं सांगतो. पहिली ओळ एकटीच पुरी पडली पाहिजे, कारण फोनच्या वरच्या पट्टीवर तेवढीच दिसते, लांब मेसेज तर ग्रुपवरही अर्धा दुमडलेला दिसतो, खाली दाबल्याशिवाय उघडत नाही. म्हणून नमस्कार, "प्रिय पालक", क्लबचं नाव, हे काही पहिल्या ओळीत नाही, गट-तारीख-वेळ एवढंच. ठळक करायला दोन्ही बाजूंना चांदणी टाकली की झालं, पण एकच ओळ ठळक करा, चार केल्या की एकही ठळक राहत नाही.

"शुक्रवारपर्यंत जुनीच वेळ" ही ओळ मी पहिल्या कच्च्या नोटिशीत विसरलो होतो. नऊ दिवस आधी नोटीस दिली की काही घरं लगेच नवी वेळ धरतात, आणि मग सोमवार दहा तारखेला पोर पावणेपाचला येऊन पाऊण तास एकटं बसतं. आधी कळवायचं तर हा धोका आलाच, त्यामुळं ही ओळ हवीच.

सरावाच्या पंधरा मिनिटांचं आम्ही स्वतःहून लिहिलं. नव्वद मिनिटांचे पंचाहत्तर झाले हे पालक मोजणारच आहेत, फी भरतात ते. आठवड्याला तीन दिवस म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, चार आठवड्यांत तीन तास, दोन रविवारच्या मॅचमध्ये बरोबर तेवढे भरून निघतात. हे लिहिलं आणि त्या हिवाळ्यात फीवर एकही फोन आला नाही. न लिहिता कुणी विचारल्यावर सांगितलं असतं तर तेच उत्तर सारवासारव वाटलं असतं.

आणि शेवटची तारीख. "पुढील सूचना मिळेपर्यंत" असं लिहिलं की पालकांना घरचं काही बसवता येत नाही, ट्यूशनची वेळ, आजोबांची ड्युटी, स्कॉलरशिपचे क्लास, सगळं लटकतं. तारीख नक्की नसली तरी ती कधी कळेल याची तारीख द्या.

आता पहिल्या प्रकारचे चार, ज्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. त्यात दोन घरी ग्रुपवर वडील होते आणि पोराला सोडायला आई येते, वडील बाहेरगावी नोकरीला. एक जण फोटो उघडलाच नाही म्हणाले. आणि चौथ्यांना नोटीस सापडलीच नाही, कारण तिच्यावर "ओके सर" आणि हात जोडलेल्या चित्रांचा ढीग पडला होता. त्यावर उपाय सोपे आहेत. नोटीस जाते तो ग्रुप फक्त अॅडमिन लिहू शकतील असा केला, गप्पांचा ग्रुप वेगळा. नोटीस पिन केली, पिन तीस दिवसांपर्यंत ठेवता येते. प्रत्येक पोरामागं दोन नंबर घेतले, एक सोडायला येणाऱ्याचा असलाच पाहिजे. ब्रॉडकास्ट लिस्टच्या नादाला लागू नका, ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज जातच नाही आणि तुम्हाला वाटतं सगळ्यांना गेला. वाचलं की नाही हे मेसेजच्या माहितीत दिसतं खरं, पण वाचलं म्हणजे कळलं असं नाही, आणि काहींनी ती खूण बंदच केलेली असते. म्हणून पोराचं नाव मागवायचं, अंगठा नाही. अंगठा कुणाचा कुठल्या पोराचा हे शोधण्यातच वेळ जातो.

सव्वीस पोरांपैकी बुधवारपर्यंत सतरा नावं आली. उरलेल्या नऊ घरी मी गुरुवारी फोन केले, एकूण वीस-पंचवीस मिनिटं गेली. नोटिशीत चूक राहिली असेल तर ती याच फोनवर कळते, आणि पाठवून पंधरा मिनिटं झाली की मेसेज दुरुस्त करता येत नाही, म्हणून चूक सापडली तर नवा पूर्ण मेसेज टाका, आणि जुना सगळ्यांसाठी डिलीट होत असेल तर तो काढा. खाली "वरच्या मेसेजमध्ये ५ ऐवजी ६ वाचावे" असं लिहू नका, फॉरवर्ड होताना वरचा एकटाच जातो.

याशिवाय फोनबाहेरच्या दोन गोष्टी, गेटवर मोठ्या अक्षरात छापलेला कागद, आणि शुक्रवारी सराव सुटताना पोरांनाच विचारलं, सोमवारी कितीला? सगळी एकदम ओरडली, "पावणेपाच!" छोट्या गटात मात्र यावर विसंबू नका, सात वर्षांचं पोर घरी जाऊन पावणेपाचचे सव्वापाच करतं.

छोट्या गटाची वेळ आम्ही शाळा बघून बदलली, शनिवारी संध्याकाळी साडेचार ते पावणेसहा आणि रविवारी सकाळी साडेसात ते पावणेनऊ. "शनिवार-रविवार" असं जोडून न लिहिता दोन वेगळ्या ओळी केल्या, कारण दोन दिवसांच्या वेळा वेगळ्या होत्या आणि जोडाक्षरासारखं लिहिलं की पालक पहिलीच वेळ दोन्हीला लावतात.

त्याच दिवशी सराव रद्द करायचा असेल तर वरची कुठलीच रचना चालत नाही, तिथं सूर-बिर काही बघायचा नाही. एकच ओळ:

> मधला गट: आज बुधवार ९ जुलै सराव नाही, मैदानात पाणी आहे. शुक्रवारी नेहमीप्रमाणे साडेपाचला.

"आज सुट्टी" लिहू नका, एका घरी शाळेला सुट्टी असं वाचलं गेलंय. आणि रद्दचा मेसेज कधी येणार ती वेळ कायमची ठरवून ठेवा. आमची साडेतीन आहे, साडेतीनपर्यंत मेसेज आला नाही तर सराव आहे, मग पाऊस पडो न पडो. हे ठरल्यापासनं पावसाळ्यातले "सर आज आहे का" हे मेसेज जवळजवळ थांबले. अपवाद एकच, एप्रिल-मेमधला वळीव. तो साडेतीनला नसतो आणि पाचला विजा घेऊन येतो. गडगडाट ऐकू आला की आम्ही पोरांना आत घेतो आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर सोडत नाही. पालकांना तेव्हा एवढंच जातं, "पोरं आत आहेत, सुरक्षित आहेत, न्यायला घाई करून पावसात निघू नका."

१७ नोव्हेंबर २०२५ ला मी चारपासनं गेटवर उभा होतो वही घेऊन. सव्वीसपैकी सतरा जण पावणेपाचला, पाच जण सांगितल्याप्रमाणं सव्वापाचला, दोघांनी आधीच कळवलं होतं की येणार नाही. दोघं साडेपाचला आले. एक रात्रीच गावाहून परतलेलं घर, नाव पाठवलं होतं पण लक्षात राहिलं नाही. आणि दुसरा रिक्षातनं येणारा, आईनं मेसेज रिक्षाकाकांना फॉरवर्ड केला होता, पण काका त्याच फेरीत आणखी तीन पोरांना क्लासला सोडतात आणि त्यांची फेरी पाचच्या आधी निघतच नाही. त्या पोराला आता सव्वापाचवाल्यांच्यात घेतलंय. रिक्षाकाकांचा नंबर मी माझ्या यादीत आई-वडिलांच्या खाली तिसरा म्हणून लिहून ठेवलाय, पुढच्या वेळी वेळ ठरवायच्या आधीच त्यांना फोन करणार आहे.